तीन वजनं आणि आठ हजार बोल्ट : चाकणच्या डॉकवरचं एक प्रकरण

चाकणच्या आमच्या कारखान्यात गिअरबॉक्सची जुळणी होते आणि त्यासाठी लागणारे फ्लँज बोल्ट लुधियानाहून येतात. लुधियाना हे देशातलं नट-बोल्टचं मोठं केंद्र, त्यामुळे आमच्या स्टोअरला तिथून येणाऱ्या गाड्यांची सवय आहे. हे प्रकरण जुलैमधल्या अशाच एका गाडीचं. माल कमी आला, थोडा भिजलेला आला, पुरवठादाराला अहवाल गेला आणि पैसे कापले गेले, एवढंच पाहिलं तर ते नेहमीचं वाटेल. मला ते मांडावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. या एका गाडीत तीन वेगवेगळी नुकसानं होती, तिन्हींची कारणं वेगळी होती, आणि प्रत्येकाचा पुरावा फक्त ठरावीक वेळेपुरताच हाताशी होता. काही पुरावा ताडपत्री सोडेपर्यंत होता, काही माल खाली उतरेपर्यंत, काही ड्रायव्हर फाटकाबाहेर जाईपर्यंत.

आधी माल नेमका काय होता ते सांगतो. एम-10, लांबी 40 मिलिमीटर, 8.8 ग्रेड, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट. बिलावर 1,92,000 नग, दर नगाला 6.50 रुपये, म्हणजे 12,48,000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. एका खोक्यात 600 नग, अशी 320 खोकी, 8 पॅलेटवर लावलेली. एका पॅलेटवर 40 खोकी, म्हणजे 8 खोक्यांचे 5 थर. खोक्यावर एकूण वजन 21.5 किलो छापलेलं. ऑर्डर एफओआर चाकण होती, म्हणजे माल आमच्या दारात पोचेपर्यंतची जोखीम पुरवठादाराची. पुढे सगळ्या भांडणात ही एक अट फार उपयोगी पडली.

गाडी आत येताना

गाडी बंद कंटेनर नव्हती, ताडपत्री बांधलेली उघडी गाडी होती. त्यामुळे सीलचा प्रश्नच नव्हता. सील असतं तेव्हा निदान त्याचा नंबर एलआरवरच्या, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीवरच्या, नंबराशी जुळतो का, एवढा एक प्रश्न तरी विचारता येतो. ताडपत्रीच्या गाडीत असा कोणी साक्षीदार नसतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे की दोरी सोडण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढायचे आणि ताडपत्रीला कुठे भोक किंवा चीर असेल तर तिचा जवळून फोटो घ्यायचा. या गाडीच्या डाव्या बाजूला, दोरी जिथे फळ्यांच्या कडेवर घासते तिथे, ताडपत्री वीतभर फाटलेली होती. फोटो काढला तेव्हा त्यावर वेळ आली, गाडीचा नंबर आला, आणि गाडी अजून डॉकच्या शेडबाहेर आहे हेही आलं.

मग गाडी काट्यावर गेली. भरलेली 12,460 किलो. ड्रायव्हरजवळ लुधियानातल्या काट्याची पावती होती, तिच्यावर भरलेल्या गाडीचं वजन 12,640 किलो. नव्या माणसाला इथे लगेच 180 किलोची तूट दिसते आणि तो ड्रायव्हरवर धावून जातो. ही तुलना निरर्थक आहे. सोळाशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापताना गाडीत डिझेल किती वेळा भरलं आणि इथे पोचताना टाकीत किती उरलं, हे कोणाला ठाऊक? शंभर लिटर डिझेलचा फरक म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलो इथेच गेले. तुलना करायची ती मालाच्या निव्वळ वजनाची, आणि ते निव्वळ वजन भरलेली व रिकामी गाडी एकाच काट्यावर, थोड्याच वेळाच्या अंतराने घेऊन काढलेलं असायला हवं. लुधियानाच्या पावतीवर सुदैवाने रिकाम्या गाडीचं वजनही होतं, 5,710 किलो. म्हणजे तिथून माल निघाला 6,930 किलो. आमच्याकडचं रिकाम्या गाडीचं वजन माल उतरल्यावरच कळणार होतं.

तोपर्यंत कागदांवर नजर टाकली. पॅकिंग लिस्टवर मालाचं एकूण वजन 7,040 किलो होतं. हिशोब बरोबर होता. 320 खोकी गुणिले 21.5 म्हणजे 6,880, आणि 8 लाकडी पॅलेट प्रत्येकी 20 किलोचे, म्हणजे 160. पण त्याच गठ्ठ्यातल्या काट्याच्या पावतीवर 6,930 होतं. पुरवठादाराच्या कागदात 7,040, त्याच्याच काट्यावर 6,930, आणि हे दोन्ही कागद एकाच पिनने एकमेकांना टोचलेले. त्यांच्याकडे कोणी ते शेजारी ठेवून वाचले नव्हते. खरं सांगायचं तर बहुतेक डॉकवरही वाचले जात नाहीत.

माल गाडीत असतानाच

ताडपत्री निघाली आणि मागच्या फळीजवळचं पॅलेट, क्रमांक 8, लगेच डोळ्यांत भरलं. बाकी सात पॅलेटना प्लास्टिकच्या दोन-दोन पट्ट्या आवळलेल्या होत्या आणि वरून पारदर्शक फिल्म. क्रमांक 8 ला पट्ट्या नव्हत्या आणि फिल्मचं टोक हाताने आत खोचलेलं होतं. वरच्या थरात 8 ऐवजी 4 खोकी.

इथे माथाडी कामगारांना थांबवलं. हे थांबवणं सोपं नसतं, कारण मागे दुसऱ्या गाड्या उभ्या असतात आणि टोळीचा हिशोब मालाच्या वजनावर असतो. पण चार खोकी कमी आहेत, एवढं मोजून चालणार नव्हतं. ती कधी कमी झाली हा खरा प्रश्न होता. पुरवठादार नेहमी म्हणतो की आम्ही पूर्ण भरलं, वाहतूकदार म्हणतो की आम्हाला मिळालं तसं आणलं. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं, आणि एकदा पॅलेट खाली उतरून फिल्म फाडली की ठरवायला काही उरत नाही.

पट्टीने ठरवलं. प्लास्टिकची पट्टी यंत्राने आवळली की पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला खोल खाच पाडते. वरच्या थरात उरलेल्या चार खोक्यांच्या बाहेरच्या कडांवर अशा खाचा होत्या. रिकाम्या जागेखाली, चौथ्या थरातल्या ज्या खोक्यांच्या कडा आता उघड्या पडल्या होत्या, त्यांवर एकही खाच नव्हती. पॅलेट मुळातच 36 खोक्यांचं बांधलं असतं, तर पट्टी त्या उघड्या कडांवरून गेली असती आणि तिथे चावली असती. ती गेली नव्हती. म्हणजे पट्टी आवळली तेव्हा वरचा थर पूर्ण होता. खोकी वाटेत गेली. दोन्ही थरांच्या कडा एकाच फोटोत येतील असा फोटो घेतला, शेजारी पॅलेटचं लेबल ठेवून.

क्रमांक 3 चं पॅलेट डाव्या बाजूला, बरोबर त्या फाटक्या ताडपत्रीखाली होतं. त्याची 11 खोकी भिजलेली होती, वरच्या थरातली आणि फळीकडच्या बाजूची. पाण्याचा माग वरून खाली उतरत गेलेला, तळाचा थर कोरडा. पाणी गाडीच्या फळ्यांतून आलं असतं तर आधी तळ भिजला असता आणि वरचा थर कोरडा राहिला असता. त्या दिवशी चाकणला पाऊस होता, त्यामुळे पुढे कोणीतरी म्हणणारच की तुमच्या दारात भिजलं. पण पुठ्ठ्यावरचे डाग कडेला पिवळट होऊन वाळलेले होते. ताजं पाणी असं दिसत नाही. पुठ्ठ्यावर डागाची कड उमटायला पाणी सुकावं लागतं. हाही फोटो पॅलेट गाडीत असतानाचाच.

मग पॅलेट एकेक करून हँड पॅलेट ट्रकने बाहेर काढले, आणि प्रत्येक पॅलेट डॉकवर टेकताच त्याचे थर मोजून पाटीवर आकडा लिहिला. सगळं उतरल्यावर ढीग मोजू, असं कधीच करत नाही. ढिगातली चूक शोधायला ढीग पुन्हा उपसावा लागतो. एकूण 316 खोकी झाली.

तिसरं वजन

रिकामी गाडी पुन्हा काट्यावर गेली आणि 5,610 किलो भरली. म्हणजे आमच्याकडे पोचलेला माल 6,850 किलो. आता तीन आकडे समोर होते. कागदावर 7,040, लुधियानाच्या काट्यावर 6,930 आणि चाकणच्या काट्यावर 6,850.

कागदापेक्षा 190 किलो कमी. गेलेली चार खोकी म्हणजे 86 किलो. मग उरलेले शंभरएक किलो कुठे? गाड्यांचा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो. भरलेलं आणि रिकामं अशी दोन वजनं घेतली की वीस किलोपर्यंतचा फरक काट्याचाच असू शकतो. दोन गावांचे दोन काटे असतील तर आणखी थोडा. भिजलेल्या पुठ्ठ्याचं पाणी काही किलो वाढवतंच. पण शंभर किलो यातल्या कशातही बसत नाहीत. आणि दुसरी गोष्ट त्याहून बोलकी होती. लुधियानाच्या काट्यावरच कागदापेक्षा 110 किलो कमी भरले होते. म्हणजे गाडी निघण्याआधीच काहीतरी कमी होतं, आणि खोकी मात्र तेव्हा पूर्ण 320 होती, कारण पट्टीच्या खाचा तेच सांगत होत्या. खोकी पूर्ण आणि वजन कमी. मग तूट खोक्यांच्या आत होती.

हा विचार केला नसता तर 316 खोकी गुणिले 600 असा हिशोब करून पावती बनली असती. बंद खोकं बघून कोणालाच शंका येत नाही. टेप शाबूत, छपाई नीट, कोपरे सरळ.

प्रत्येक पॅलेटवरून एक खोकं प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवलं. सहा पॅलेटवरची खोकी साडेएकवीस किलोच्या आसपास भरली. क्रमांक 4 आणि 5 वरची 20.1 किलो. मग त्या दोन पॅलेटची सगळी 80 खोकी एकेक करून तोलली. सगळी 20.1 च्या जवळ, काही ग्रॅम इकडेतिकडे.

तुटीचा आकार हा तिच्या कारणाचा सर्वात चांगला खुणावणारा पुरावा असतो. वाटेत कोणी खोकं फोडून मूठभर बोल्ट काढले तर एकात पन्नास कमी, दुसऱ्यात दोनशे, तिसरं शाबूत, असा विस्कळीत हिशोब येतो आणि टेपही दुहेरी लागलेला सापडतो. ऐंशी खोक्यांत सारखीच तूट चोर करत नाही. सारखी तूट पॅकिंगच्या टेबलावर जन्मते. या दोन पॅलेटच्या लेबलवर पॅकिंगची तारीख बाकीच्यांपेक्षा वेगळी होती, तेही जुळत होतं.

तरी वजनावरून नग काढताना एक खबरदारी घ्यावीच लागते. वजन कमी म्हणजे नग कमी असं थेट म्हणता येत नाही. वेगळ्या लॉटमधल्या बोल्टचं डोकं किंचित लहान असेल, तर तेवढेच नग हलके भरतील. म्हणून नगाचं वजन त्याच लॉटमधून काढावं लागतं. मोजणीच्या काट्यावर दहा बोल्ट ठेवून सरासरी घेण्याची सवय सगळीकडे आहे, पण दहा नगांत एका ग्रॅमची चूक झाली तर सहाशे नगांवर ती साठ ग्रॅमची होते, म्हणजे जवळजवळ दोन बोल्टची. आम्ही हाताने मोजून 100 घेतले. 3.5 किलो भरले, नगाला 35 ग्रॅम. पॅलेट 1 मधल्या बोल्टचंही वजन तेवढंच होतं. मग 4 आणि 5 वरचं एकेक खोकं पूर्ण रिकामं करून हाताने मोजलं. दोन्हींत 560 नग निघाले. 40 नग कमी, 35 ग्रॅमने 1.4 किलो, आणि वजनातली तूटही नेमकी तेवढीच. 80 खोक्यांचे 112 किलो. लुधियानाच्या काट्याने दाखवलेले 110 किलो इथे येऊन बसले.

ड्रायव्हर जाण्याआधी

एलआरच्या प्रतीवर काय लिहायचं यावरून खरा वाद झाला. ड्रायव्हरची विनवणी होती की शेरा मारू नका, मालक भाड्यातून कापून घेईल. हवं तर वेगळ्या कागदावर लिहून घ्या म्हणाला. माणूस वाईट नव्हता. धाब्यावर गाडी लावून झोपला असताना मागून कोणी दोरी सोडली असेल तर त्यात त्याचा हात असेलच असं नाही. आम्ही शेऱ्यात चोरीचा शब्द घातला नाही, कारण ते आम्ही पाहिलं नव्हतं. जे पाहिलं तेच लिहिलं. 320 पैकी 316 खोकी मिळाली, पॅलेट 8 च्या पट्ट्या नाहीत व फिल्म सैल, वरच्या थरात 4 खोकी कमी, पॅलेट 3 ची 11 खोकी वरून भिजलेली, डाव्या बाजूची ताडपत्री फाटलेली. त्याखाली त्याची सही, तारीख आणि वेळ.

बऱ्याच डॉकवर एलआरवर ‘माल तपासणीअधीन’ असा शिक्का मारून देतात. त्या शिक्क्याने कोणाचंच भलं होत नाही. त्यात ना आकडा असतो, ना काय दिसलं ते. वाहतूकदाराचा वकील पहिल्यांदा हेच विचारतो की तुमच्या माणसाने तेव्हा काय कमी असल्याचं लिहिलं होतं.

या शेऱ्यात आम्ही खोक्यांच्या आतली तूट घातली नाही. तिच्याशी ड्रायव्हरचा संबंध नव्हता. बंद खोकी त्याने बंद आणून दिली होती. दोन नुकसानं एकाच शेऱ्यात कोंबली की वाहतूकदार म्हणतो सगळं पॅकिंगचं, पुरवठादार म्हणतो सगळं वाटेतलं.

उत्पादनाची घाई

जुळणीची लाइन बोल्टसाठी थांबायला आली होती. उत्पादनाच्या सुपरवायझरचा आग्रह होता की भिजलेल्यातली वरून बरी दिसणारी खोकी द्या आणि कमी नगांची खोकीही द्या, त्यांतले बोल्ट तर चांगले आहेत. त्याची अडचण खरी होती. पॅलेट 1 आणि 2 चं वजन जुळलं होतं, बोल्ट कोरडे होते आणि मितीची तपासणी झाली होती. ते त्याच संध्याकाळी दिले आणि लाइन चालू राहिली. 3, 4, 5 आणि 8 मात्र पिवळ्या पट्टीच्या आत होल्डवर गेले.

कारण साधं आहे. मालविक्री कायदा 1930 च्या कलम 41 प्रमाणे घेणाऱ्याला माल तपासण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, आणि कलम 42 प्रमाणे मालकासारखा वापर सुरू केला की माल स्वीकारला असं धरलं जातं. कमी नगांचं खोकं लाइनवर उघडलं आणि बोल्ट गिअरबॉक्समध्ये बसले, तर त्यात 560 होते की 600, हे पुरवठादाराला कशावरून पटवायचं? 

भिजलेली 11 खोकी उघडली. 7 खोक्यांत आतली प्लास्टिकची पिशवी शाबूत होती आणि बोल्ट खडखडीत कोरडे. 4 खोक्यांत पिशवी फाटलेली होती आणि बोल्टवर पांढरी पूड बसलेली. जस्तावर पाणी साचून राहिलं आणि हवा खेळली नाही की हा पांढरा गंज येतो. तो लाल गंजासारखा पोलाद खात नाही, पण मुलामा खातो. आणि आमच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे आट्यांमधलं घर्षण बदलतो. टॉर्क पाना ठरलेल्या आकड्यावर थांबतो, पण त्यातला बराचसा जोर घर्षणातच गेलेला असतो आणि बोल्टला हवा तेवढा ताण आलेला नसतो. गिअरबॉक्सच्या घरावर असा बोल्ट लावायची माझी तयारी नव्हती. पुसून वापरू, ही सूचना आली होती, ती क्वालिटीने नाकारली आणि योग्यच केलं. ही पूड तासाभराच्या पावसाने येत नाही. पाणी बोल्टवर बराच वेळ बसून होतं, हे तिने आणखी एकदा सिद्ध केलं.

जीआरएन आणि अहवाल

जीआरएनमध्ये, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीत, तीन रकाने वेगळे ठेवावेच लागतात. बिलाप्रमाणे 1,92,000. प्रत्यक्ष मिळाले 1,86,400, कारण 236 खोकी 600 ची आणि 80 खोकी 560 ची. स्वीकारले 1,84,000, कारण पांढऱ्या गंजाचे 2,400 नाकारले. पुष्कळ ठिकाणी घाईत बिलाचाच आकडा ‘मिळाले’मध्ये चढवतात आणि तूट नंतर बघू म्हणतात. तो आकडा एकदा चढला की अकाउंट्सकडे बिल आपोआप जुळतं, पूर्ण पैसे जातात, आणि सिस्टिममध्ये 5,600 असे बोल्ट राहतात जे रॅकवर कधीच नव्हते. वर्षअखेरच्या मोजणीत ती तूट स्टोअरच्या नावावर निघते.

तफावतीचा अहवाल तिसऱ्या दिवशी ईमेलने गेला. त्याचं स्वरूप असं ठेवलं होतं.

पहिली बाब, खोक्यांच्या आतली तूट. पॅलेट 4 आणि 5, 80 खोकी, प्रत्येकी 40 नग, एकूण 3,200 नग, 20,800 रुपये. पुरावा : 80 खोक्यांची वजनं, नगाचं वजन, दोन खोक्यांची हातमोजणी, तुमच्याच काट्याची पावती.

दुसरी बाब, न मिळालेली खोकी. पॅलेट 8, 4 खोकी, 2,400 नग, 15,600 रुपये. पुरावा : एलआरवरचा शेरा, पट्टीच्या खाचांचे फोटो, दोन्ही काट्यांच्या पावत्या.

तिसरी बाब, पाण्याने खराब झालेला माल. पॅलेट 3, 4 खोकी, 2,400 नग, 15,600 रुपये. पुरावा : ताडपत्रीचा व पॅलेटचा फोटो, उघडलेल्या खोक्यांचे फोटो, क्वालिटीचा शेरा. माल आमच्याकडे वेगळा ठेवला आहे, काय करायचं ते कळवा.

एकूण 8,000 नग, 52,000 रुपये, जीएसटीसह 61,360. प्रत्येक बाबीपुढे आमची मागणी काय ते लिहिलं, आणि बाकी 11,96,000 रुपयांबद्दल आमची काही हरकत नाही हेही स्पष्ट लिहिलं.

ते शेवटचं वाक्य मुद्दाम होतं. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा 2006 प्रमाणे मालाबद्दल काही हरकत असेल तर माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत ती लेखी द्यावी लागते. दिली नाही तर माल मिळाला त्या दिवशीच स्वीकारला असं मानलं जातं आणि पैसे देण्याची मुदत तिथूनच मोजली जाते. करारात काहीही लिहिलं तरी ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. फोनवर कितीही बोललं तरी ती लेखी हरकत होत नाही. आणि दुसऱ्या बाजूने, 52,000 च्या वादापायी बारा लाख अडवून ठेवणं हाही अन्यायच आहे. लहान कारखान्याला त्या पैशातून पुढच्या महिन्याचं पोलाद घ्यायचं असतं.

पैसे कापल्याच्या आमच्या डेबिट नोटबद्दलही एक गैरसमज नेहमी दिसतो. ती आमच्या हिशोबापुरती असते. जीएसटीची दुरुस्ती पुरवठादाराच्या क्रेडिट नोटनेच होते, जीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली. जे 5,600 नग आलेच नाहीत त्यांच्यावरच्या 6,552 रुपये जीएसटीचं क्रेडिट आम्ही घेतलं नाही, कारण माल मिळणं ही कलम 16 ची अटच आहे. खराब 2,400 नगांचे 2,808 रुपये माल परत गेला तेव्हा उलटवले. 

पुरवठादाराचं उत्तर

पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे होतं. आमच्याकडून माल पूर्ण निघाला, वाटेतलं वाहतूकदाराशी बघा. ऑर्डर एफओआर असल्याने ते लागू नव्हतं. माल एक्स-वर्क्स, म्हणजे पुरवठादाराच्या दारातच, घेतला असता, तर वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की आम्हाला दिला असं मालविक्री कायद्याच्या कलम 39 खाली सहसा धरलं गेलं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाबीसाठी आम्हालाच वाहतूकदाराच्या मागे लागावं लागलं असतं. इथे ते काम पुरवठादाराचं होतं. आम्ही एवढंच केलं की शेऱ्याची एलआर आणि सगळे फोटो त्यांना दिले आणि एक गोष्ट लक्षात आणून दिली. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे वाहतूकदाराला लेखी नोटीस माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दावाच करता येत नाही. मुदत बुकिंगच्या तारखेपासून धावते, माल पोचल्यापासून नाही.

पहिल्या बाबीवर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. त्यांच्या डिस्पॅचच्या माणसाला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि त्याने सांगितलेलं खोकं त्याच्यासमोर तोलून, उघडून मोजलं. 560 निघाले. दुसरं खोकंही त्यानेच निवडलं, पुन्हा 560. तो काही वेळ गप्प राहिला आणि उद्या सांगतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारण शोधून कळवलं. पॅकिंगच्या टेबलावर बोल्ट एका टबमध्ये तोलून खोक्यात ओततात. त्या तारखेला जुना टब फुटला म्हणून नवा घेतला होता, आणि त्याचं 1.4 किलो वजन काट्यातून वजा केलं नव्हतं. काटा दर वेळी टबासकट 21 किलो दाखवत होता, 600 नगांचे. मोजणारा माणूस प्रामाणिकपणे काट्यावरचा आकडा बघत होता.

त्यांना ही माहिती आमच्या कपातीपेक्षा मोलाची ठरली. त्याच दिवशी पॅक झालेला माल आणखी दोन ग्राहकांकडे गेला होता, त्यांना त्यांनी स्वतःहून कळवलं.

क्रेडिट नोट पूर्ण 52,000 ची आली, कर वेगळा दाखवून. खराब 2,400 नग त्यांनी परत मागवले. 8.8 ग्रेडचे बोल्ट असल्याने जुना मुलामा काढून नवा देता येतो, त्यांना ते भंगारात घालावे लागले नाहीत. वरच्या ग्रेडला हे इतकं सोपं नसतं, तिथे आम्लातल्या धुलाईने पोलाद ठिसूळ होण्याची भीती असते. कोरडी निघालेली 7 खोकी नव्या पुठ्ठ्यात भरून आम्ही वापरली, 4 आणि 5 ची खोकी 560 चं नवं लेबल लावून रॅकवर गेली.

वाहतूकदाराने पुरवठादाराला चार खोक्यांची भरपाई दिली, भिजलेल्या मालाची अर्धीच दिली. त्याचं म्हणणं असं की पॅलेटवर वरून प्लास्टिकचं आच्छादन नव्हतं, नुसती बाजूंनी फिल्म होती, आणि पावसाळ्यात असा माल भरणं हीही हयगयच. मला त्यात तथ्य वाटतं. आमच्या खरेदी विभागाने पुढच्या ऑर्डरमध्ये पॅलेटवर वरचं आच्छादन आणि काट्याच्या पावतीवर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ अशी तिन्ही वजनं बंधनकारक केली. पॅकिंग लिस्ट आणि ती पावती यांत 50 किलोपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी त्यांच्याच फाटकातून सुटणार नाही, असं पुरवठादाराने स्वतः लिहून दिलं.